फॉरमॅट मारण्याआधी एक क्लीन बूट

"लॅपटॉप २०१९ चा आहे. आय५ आठवी जनरेशन, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. घरूनच जीएसटी आणि टायपिंगची कामं करते. चालू होऊन हाताला यायला सात मिनिटं लागतात, सी ड्राइव्ह लाल झालाय. दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारा, भाऊ म्हणतो कचरा काढला की पुरे. टॅली, डीएससी, जुने मराठी फॉन्ट सगळं यातच आहे. काय करू?"

ताई, तुमचा भाऊ आणि दुकानदार दोघेही अर्धे अर्धे बरोबर आहेत, कारण दोघं वेगवेगळ्या दुखण्यांबद्दल बोलतायत. सी ड्राइव्ह लाल होणं हे जागेचं दुखणं. सात मिनिटं लागणं हे वेगाचं दुखणं. ही दोन्ही एकाच मशीनला एकाच वेळी झाली की लोकांना वाटतं, एक दुसऱ्यामुळे झालं. बहुतेक वेळा तसं नसतं. सी मध्ये शेवटचे चार-पाच जीबीच उरले असतील तर विंडोजची घुसमट होते, अपडेट अडकतात, हे खरं. पण एकदा पंधरा-वीस जीबी मोकळे झाले की त्यापुढे आणखी पन्नास जीबी फोटो उडवून मशीन पळायला लागत नाही. फाइल नुसती पडून असेल तर ती जागा खाते, वेळ खात नाही. वेळ खातात ते चालू होताना मागे सुरू होणारे प्रोग्रॅम, किंवा खुद्द डिस्क.

तिसरंही एक दुखणं असतं, ते म्हणजे भरवसा उडणं. व्हायरस आत शिरून गेलाय, कुठूनतरी फुकट उतरवलेलं "क्रॅक" सॉफ्टवेअर ॲडमिन परवानगीने चाललंय, विंडोजच्या स्वतःच्या फाइली बिघडल्यात. तिथे मी साफसफाईच्या वाटेला जात नाही. जीएसटी आणि बँकेचे पासवर्ड ज्या मशीनवर टाकायचे, ते "बहुधा साफ झालं असावं" या बोलीवर वापरू नये. असं काही तुमच्याकडे झालं असेल तर पुढचं मोजमाप सोडा आणि सरळ नव्याने विंडोज टाका. तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही, म्हणून ते नाही असं धरून पुढे सांगतो.

आधी डिस्कची तब्येत बघा. CrystalDiskInfo नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर आहे. उघडल्यावर निळ्या चौकटीत Good दिसलं तर ठीक. पिवळ्यात Caution दिसलं, किंवा C5 आणि C6 या ओळींत शून्याखेरीज काही दिसलं, तर डिस्कवरचे काही भाग वाचता येईनासे झालेत असं समजा. अशा वेळी साफसफाईही नको आणि फॉरमॅटही नको. मशीन शक्य तितकं कमी चालवा आणि सगळ्यात आधी डेटा बाहेर काढा. मरणाऱ्या डिस्कवर फॉरमॅट मारून देणारे महाभाग मी पाहिलेत. आठवडाभर मशीन बरं चालतं, आणि मग डेटासकट जातं.

डिस्क चांगली निघाली तर खरा निर्णय एका चाचणीवर ठरतो. ती म्हणजे क्लीन बूट. विंडोजचं स्वतःचं जेवढं आहे तेवढंच चालू ठेवायचं, बाहेरून आलेलं सगळं तात्पुरतं बंद करायचं, आणि मशीन किती वेळात उठतं ते बघायचं. यात काहीही पुसलं जात नाही. मला ही चाचणी आवडते, कारण साफसफाईतून जास्तीत जास्त काय मिळू शकतं ते ती साफसफाई न करताच सांगते. क्लीन बूटमध्येही मशीन रडत असेल, तर तुमचा भाऊ दोन रविवार कचरा काढत बसला तरी त्याहून वेगवान होणार नाही.

करायचं असं. आधी आजची वेळ मोजा. मोबाइलवर स्टॉपवॉच लावा, लॅपटॉप Restart करा आणि रिकामी एक्सेल उघडून कर्सर लुकलुकायला लागेपर्यंतचा वेळ लिहून ठेवा. Shut down करून चालू करू नका. विंडोज १० मध्ये फास्ट स्टार्टअप असतं, त्यामुळे Shut down केल्यावर मशीन पुरतं बंद होतच नाही, विंडोजचा गाभा डिस्कवर उतरवून ठेवलेला असतो. खरी सुरुवात Restart मध्येच होते.

मग विंडोजचं बटण आणि R दाबून msconfig टाइप करा. Services च्या पानावर खाली Hide all Microsoft services असा चौकोन आहे, त्यात आधी टिक करा आणि मगच Disable all दाबा. हा क्रम चुकवू नका. टिक न करता सगळं बंद केलं की विंडोजच्या स्वतःच्या सेवाही बंद होतात, मग पिन चालत नाही, नेट चालत नाही, आणि साध्या चाचणीची भानगड होऊन बसते. त्यानंतर टास्क मॅनेजरच्या Startup पानावर जाऊन तिथले प्रोग्रॅम एकेक Disable करा. पण Disable करण्याआधी, कोणते अगोदरच बंद आहेत ते कागदावर लिहा, किंवा मोबाइलने फोटो काढून ठेवा. आता दोनदा Restart करा आणि दुसऱ्या वेळचा आकडा धरा. पहिल्या खेपेला विंडोज नव्या मांडणीशी जुळवून घेत असतं. चाचणी चालू असताना टॅली किंवा डीएससीचं काम काढू नका. त्यांच्याही सेवा बंद असतील आणि तुम्ही उगाच घाबराल.

एक उदाहरण सांगतो, म्हणजे आकड्यांचा अर्थ लागेल. कोर्टाजवळच्या एका टायपिंगवाल्यांचा डेस्कटॉप माझ्याकडे आला होता. विंडोज १०, साधी हार्ड डिस्क, आणि "फॉरमॅटच मारा" असा निरोप. स्टॉपवॉचवर सहा मिनिटं पन्नास सेकंद. क्लीन बूटमध्ये दोन मिनिटं दहा सेकंद. म्हणजे सात मिनिटांतली साडेचार मिनिटं बाहेरच्या कुणीतरी खाल्ली होती, विंडोज बिचारं ठीक होतं. आता शोधायचं होतं ते कोणी. बाहेरच्या एकतीस सेवा होत्या. एकेक करून तपासत बसलो असतो तर दिवस गेला असता. मी निम्म्या चालू केल्या, Restart. वेळ जवळपास तेवढीच, म्हणजे ही अर्धी निर्दोष. उरलेल्यांतल्या निम्म्या चालू केल्या, Restart. वेळ वाढली, म्हणजे चोर यांच्यातच. असं पाच वेळा केल्यावर एक नाव उरलं. मुदत संपलेल्या एका अँटीव्हायरसचं अर्धवट काढलेलं शेपूट, जे दुसऱ्या अँटीव्हायरसशी प्रत्येक फाइलवरून भांडत होतं. त्याच्या कंपनीचंच काढून टाकण्याचं वेगळं टूल असतं, त्याने ते उपटलं. शिवाय कधीच विकून टाकलेल्या प्रिंटरवर नजर ठेवणारी सेवा आणि चार अपडेटर काढले. शेवटची वेळ दोन मिनिटं पस्तीस सेकंद. दोन तासांचं काम, त्यांचं एकही सॉफ्टवेअर पुन्हा टाकावं लागलं नाही.

उलटंही होतं. दुसऱ्या एका मशीनमध्ये चांगली एसएसडी, म्हणजे न फिरणारी डिस्क होती, तरी ते चार मिनिटं घ्यायचं, आणि क्लीन बूटमध्येही चारच. तिथे मी विंडोजच्या फाइली तपासायला ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये या दोन आज्ञा दिल्या, याच क्रमाने:

```
DISM /Online /Cleanup-Image /RestoreHealth
sfc /scannow
```

पहिली आज्ञा दुरुस्तीसाठी लागणारं कोठार नीट करते, दुसरी त्या कोठारातून बिघडलेल्या फाइली बदलते. पहिली अर्ध्यावर त्रुटी देऊन थांबली आणि दुसरीने सांगितलं की बिघडलेल्या काही फाइली दुरुस्त करता आल्या नाहीत. मी तिथेच हात टेकले आणि नव्याने विंडोज टाकलं. या दोन टोकांच्या मध्ये एक वाट आहे. मायक्रोसॉफ्टकडून विंडोजची आयएसओ फाइल उतरवायची आणि चालू विंडोजमधूनच तिच्यातलं setup.exe चालवून फाइली आणि प्रोग्रॅम दोन्ही राखायचं निवडायचं. त्याने विंडोजची डागडुजी होते, पण तुमचा पसारा जसाच्या तसा राहतो. विंडोज बिघडलंय आणि प्रोग्रॅम मात्र पुन्हा टाकणं शक्य नाही, अशा वेळी मी ती वापरतो.

आता तुमच्या मशीनकडे येतो. तुमच्याकडे फिरती हार्ड डिस्क आहे, आणि इथेच दुकानदाराचा सल्ला लंगडा पडतो. क्लीन बूटमध्ये तुमची वेळ दोन-अडीच मिनिटांवर आली, तर ती त्या डिस्कची कमाल समजा. त्याच डिस्कवर फॉरमॅट मारून ताजं विंडोज टाकलंत तरी साधारण तेवढंच मिळेल. म्हणजे नव्याने मांडामांड करायचा सगळा त्रास तुम्ही भोगणार आणि मोबदल्यात साफसफाईइतकंच फळ. खात्री करायची तर मशीन चालू होताना टास्क मॅनेजरच्या Performance पानावर बघा. सीपीयू वीस-तीस टक्क्यांवर आणि डिस्क मिनिटानुमिनिटे शंभर टक्क्यांवर चिकटलेली दिसली, तर सगळे डिस्कच्या दारात रांग लावून उभे आहेत. फिरत्या डिस्कला एका वेळी एकाच जागी डोकं न्यावं लागतं. विंडोज चालू होताना हजारो छोट्या फाइली इकडून तिकडून मागवतं, आणि तिथे ती दमते. एसएसडीला डोकं हलवायचंच नसतं.

म्हणून तुमच्या जागी मी असतो तर एसएसडी घेतली असती आणि तिच्यावर नवं विंडोज टाकलं असतं. जुनी डिस्क क्लोन करून, म्हणजे जशीच्या तशी उतरवूनही एसएसडीवर नेता येते आणि वेग येतो. पण मग जुना पसाराही सोबत येतो. त्यात विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती ग्राहकांसाठीची वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहेत, आणि तीही नोंदणी केली तर. आठव्या जनरेशनचा आय५ विंडोज ११ च्या यादीत बसतो, फक्त बायॉसमध्ये टीपीएम ही सुरक्षेची सोय चालू आहे ना ते बघावं लागतं. म्हणजे आज ना उद्या घर बदलायचंच आहे. मग जुन्या घराला रंग कशाला द्यायचा? तुमचं मशीन सातव्या जनरेशनचं असतं तर उत्तर बदललं असतं. ते अधिकृतपणे विंडोज ११ घेत नाही, मग मी एसएसडीवर क्लोन करून आहे तेच शेवटपर्यंत रेटा म्हटलं असतं.

नवी डिस्क असण्याचा दुसरा फायदा मला वेगापेक्षा मोठा वाटतो. जुनी डिस्क काढून बाजूला ठेवली की ती हात न लावलेली राहते. बॅकअप घेताना आपण आठवेल तेवढंच घेतो, आणि रडायला लावतं ते न आठवलेलं. सुरुवातीच्या काळात मी एका पतसंस्थेच्या कारकुनाचं मशीन फॉरमॅट केलं. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डी ड्राइव्ह, सगळं जपलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन: "सगळी पत्रं इंग्रजीत झालीत!" पत्रं जुन्या, युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये होती. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असतं. फाइलमध्ये साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच. फॉन्ट गेला की पडदा उठतो आणि मागचे कंस-स्वल्पविराम उघडे पडतात. फॉन्ट सी ड्राइव्हवर विंडोजच्या पोटात होते आणि ते मी पुसले होते. नेमकी तीच आवृत्ती शोधायला मला तीन दिवस लागले, पैसे अर्थातच मागता आले नाहीत.

तुमच्याकडे टायपिंगचं काम आहे, म्हणून हे आधी करा. फॉन्ट दोन ठिकाणी असतात. एक नेहमीचं, आणि दुसरं फक्त तुमच्या खात्यापुरतं, जे लोकांना माहीतच नसतं:

```
C:\Windows\Fonts
%LocalAppData%\Microsoft\Windows\Fonts
```

दोन्ही फोल्डर जसेच्या तसे पेनड्राइव्हवर घ्या. टायपिंगच्या सॉफ्टवेअरला डोंगल किंवा सीरियल नंबर असेल तर तोही आत्ताच शोधा.

पासवर्डचं असंच फसतं. क्रोमचा फोल्डर कॉपी करून नव्या विंडोजमध्ये टाकला की बुकमार्क येतात, पासवर्ड येत नाहीत. कारण ते जुन्या विंडोजमधल्या तुमच्या खात्याच्या किल्लीने कुलूपबंद असतात, आणि ती किल्ली नव्या विंडोजकडे नसते. जुनं मशीन चालू असतानाच गुगल खात्याशी सिंक झालंय का ते बघा, नाहीतर पासवर्ड फाइलमध्ये एक्स्पोर्ट करा. ती फाइल उघड्या अक्षरांत असते, काम झालं की लगेच पुसा.

टॅलीत कंपनीचा डेटा कुठल्या पत्त्यावर आहे ते कंपनी निवडायच्या पडद्यावर दिसतं, तो पत्ता लिहून घ्या आणि तिथले आकडी नावांचे फोल्डर कॉपी करा. लायसन्स मात्र जुन्या मशीनवरून सरेंडर करावं लागतं, ते अगदी शेवटी, डिस्क काढण्याच्या दिवशी. डीएससीची काळजी नको. सही टोकनच्या आत असते, लॅपटॉपमध्ये नाही. नव्या विंडोजमध्ये फक्त टोकनचा ड्रायव्हर आणि जीएसटीसाठी emSigner पुन्हा टाकायचं.

ड्रायव्हरसाठी डी मध्ये Drivers नावाचा फोल्डर करून ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये हे चालवा:

```
pnputil /export-driver * D:\Drivers
```

हा फोल्डरही पेनड्राइव्हवर घ्या. विंडोज ११ मांडताना इंटरनेट मागतं, आणि वायफायचा ड्रायव्हर नसला तर तिथेच गाडी अडते. हा फोल्डर हाताशी असला की सुटता येतं. विंडोजची किल्ली शोधत बसू नका. लॅपटॉपवर अस्सल विंडोज असेल तर किल्ली मागतील तिथे I don't have a product key निवडा आणि आवृत्ती आधीचीच घ्या, होम असेल तर होमच. नेट जोडल्यावर ते स्वतः ॲक्टिव्हेट होतं. तेच बाहेरून कुणी "टाकून दिलेलं" प्रो असेल तर होणार नाही, हे आधीच माहीत असू द्या.

डिस्क काढण्याआधी शेवटचं एक बघा. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये

```
manage-bde -status
```

दिल्यावर डिस्क एन्क्रिप्टेड दिसली, तर बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात शोधून कागदावर उतरवा. नाहीतर तीच डिस्क यूएसबी डबीत घालून जोडल्यावर तुमच्याच फाइली तुम्हाला दिसणार नाहीत. जुन्या डिस्कवाल्या लॅपटॉपवर हे सहसा चालू नसतं, पण बघायला अर्धं मिनिट लागतं.

वेळेचा अंदाज प्रामाणिकपणे सांगतो. विंडोज चढायला अर्धा-पाऊण तास, अपडेटला दीड-दोन तास. प्रिंटर, टॅली, टोकन, फॉन्ट, ऑफिस, तुमची एक्सेलची मांडणी, हे सगळं हाताला बसायला मात्र दीड दिवस धरा. दुकानदार जो आकडा सांगतो तो फक्त पहिल्या अर्ध्या तासाचा असतो.

आत्ता एसएसडीचा खर्च नको असेल, तर क्लीन बूटने चोर शोधून काढा आणि लाल झालेला सी मोकळा करा. WizTree उघडलं की जागा कोणी खाल्ली ते मोठ्यापासून छोट्यापर्यंत दिसतं. बहुतेकांकडे डाउनलोड्स, व्हॉट्सॲपचे व्हिडिओ आणि आधीच्या विंडोजचा उरलेला Windows.old फोल्डर हेच निघतं. Settings मधल्या Temporary files च्या यादीत Downloads असाही एक चौकोन असतो, त्यावर घाईत टिक करू नका, क्लायंटची कागदपत्रं तिथेच पडलेली असतात. C:\Windows\Installer आणि WinSxS हे फोल्डर कितीही फुगलेले दिसले तरी हाताने पुसू नका. पहिल्यातलं पुसलं की प्रोग्रॅम काढताही येत नाहीत आणि अपडेटही होत नाहीत. रजिस्ट्री साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरने वेग वाढलेला मी आजवर पाहिलेला नाही, मशीन बिघडलेली पाहिलीत. या सगळ्याला दोन तास द्या. दोन तासांत वेळ निम्म्यावर आली नाही तर थांबा. पुढची मेहनत डिस्कवर वाया जाते.

काहीही ठरवलंत तरी काम २० तारखेनंतर काढा, म्हणजे ३बी भरून झालेलं असेल आणि ११ तारखेच्या जीएसटीआर-१ ला अवकाश असेल. जुनी डिस्क पुसून "एक्स्टर्नल" म्हणून वापरायचा मोह होईल. पुढची २० तारीख नव्या मशीनवर पार पडेपर्यंत ती कपाटातच राहू द्या.